गुणाकरबाबूंचे दोन रकाने

गुणाकरबाबूंचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता. बालाघाटला आमच्या कचेरीत परदेशी माणसांची नोंद ते करत आणि मी त्यांचा कनिष्ठ. पासपोर्ट आला की आधी उजेडात धरायचा, मग वास घ्यायचा. मला त्याचं हसू यायचं.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात अहिल्याबाई जावयाला घेऊन आल्या. त्यांची मुलगी चारुलता मुंबईला नर्स होती, तिथंच जहाजावरच्या या मेकॅनिकशी लग्न केलेलं. आता सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. जावई जुझे, तोंडवळा चिनी, पासपोर्ट पोर्तुगालचा, जन्म मकाऊचा.

चीनच्या किनाऱ्यावरचं, पोर्तुगालच्या ताब्यातलं मकाऊ चीनला परत द्यायचं ठरल्याची महिन्याभरापूर्वीची बातमी इन्स्पेक्टर हिरालालसाहेबांनी वाचली होती. "मकाऊ तो चीन का है। पोर्तुगाल ने खुद मान लिया। चीनी लिखो।" शिवाय टेबलावर निनावी चिठ्ठी होतीच, हा चीनचा हेर आहे म्हणून. चिनी ठरला, तर दिल्लीची परवानगी येईपर्यंत त्याला जिल्ह्याबाहेर काढणार, असं साहेबांनी सांगून टाकलं. म्हणजे बाळंतपण त्याच्याविनाच. मी पेन उघडलं. आपल्याकडे माणूस कुठला, हे जन्मगावावरूनच ठरवतात.

"थांब," गुणाकरबाबू म्हणाले. त्यांना जुझेचा संशय होताच, पण साहेबांच्या खात्रीचा जास्त. त्यांनी बातमीचं कात्रण मागवलं आणि ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

"साहेब, जमीन चीन की, ये पोर्तुगाल मानता है। लेकिन निन्यानवे के दिसंबर तक राज वही चलाएगा।" मग माझ्याकडे वळले. "आपल्या खैरलांजीकडं अधियानं शेत देतात ना? शेत मालकाचं, कसनारा दुसरा. म्हणून कसनाऱ्याचं पोरगं मालकाच्या घरचं होते का? जन्मस्थान एक रकाना, नागरिकत्व दुसरा. दुसरा पासपोर्ट पाहून भर."

साहेब चिडले. "कल को कुछ हुआ तो?"

"मैं भी पुराने सी.पी. में, मध्यप्रांत में पैदा हुआ। नागपूर से राज भोपाल गया, पर देश मेरा वही रहा। इसका तो देश पासपोर्ट पर छपा है।"

पासपोर्ट खरा की खोटा, यात त्यांनी आणखी दीड तास घातला. व्हिसाचा शिक्का भिंगाखाली पाहिला. शेवटी मी लिहिलं: जन्म मकाऊ, पोर्तुगीज प्रशासन, नागरिकत्व पोर्तुगीज. साहेबांनी सही केली. जुझेनं हात जोडले, बाबूंनी मान वळवली.

अहिल्याबाई बाकावरून उठल्या.

"मंग आता याले जा लागनार नाही?"

"नाही. पोरगं होयेपर्यंत राहू द्या आरामात."

"हौ," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या. आवाजात आनंद नव्हता. गुणाकरबाबूंनी टेबलावरची निनावी चिठ्ठी उचलली, अहिल्याबाईंकडे एकदा पाहिलं आणि तिचे चार तुकडे केले. ती कुणी लिहिली होती ते मला तेव्हा कळलं, आणि फार वाईट वाटलं. बाई पदरानं तोंड पुसत होत्या. जुझे त्यांच्यासाठी माठातलं पाणी आणायला गेला होता.