आमचे हे फार बोलायचे

मासिकाच्या ऑफिसात तिला सगळे कात्रीताई म्हणत. मुलाखती तिच्याकडे यायच्या. तासन्‌तासांचं बोलणं टाइप होऊन आलं की ती त्यातले "म्हणजे", "काय झालं की" काढायची, इकडेतिकडे विखुरलेली एकाच विषयावरची उत्तरं जवळ आणायची, बातमीदाराचे ऐसपैस प्रश्न एका ओळीत बसवायची. बोलणाऱ्याच्या तोंडी आपला शब्द मात्र घालायची नाही. खुलासा लागलाच, तर कंसात.

या खेपेची मुलाखत एका निवृत्त सिस्टरची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झालेली. घरच्यांबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "आमचे हे फार बोलायचे. मी ड्युटीवरून आले की यांचं सुरू." कात्रीताईने "हे"पुढे कंस टाकला: (दिवंगत पती).

पुढच्याच वाक्यात टायपिस्टने एका शब्दावर प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. तो शब्द पक्का करायला तिने हेडफोन लावला. कागदावर जिथे नुसतं "व्यत्यय" होतं, तिथे सिस्टरच्या घरात आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि सिस्टर आत हाक देऊन म्हणाल्या, "आले हं. तुम्ही उठू नका."

कात्रीताईने तो तुकडा पुन्हा ऐकला. मग बातमीदाराला हाक मारली.

"आत कोण होतं रे?"

"दार लोटलेलं होतं. मी नाही विचारलं."

तिने सिस्टरना फोन लावला आणि आडवळण न घेता विचारलं.

"आहेत की," सिस्टर म्हणाल्या. "इथेच बसलेत. बोलायचे म्हटलं ना मी? आता नाही बोलत. मला ओळखतात, तेवढं पुरे."

जिवंत माणसाला आपण कंसात मारून बसलो होतो. तिने ते तसंच सांगून टाकलं.

"छापलं नाहीत ना? मग झालं."

"आजाराचं लिहू का?"

"ते मी बोलले नाही मुलाखतीत. नको."

बातमीदार कुरकुरला. "निदान 'आजारी पती' तरी लिही. वाचणाऱ्याला भिडेल."

"त्यांनी नको म्हटलंय," ती म्हणाली. कंसात फक्त "पती" राहिलं. "बोलायचे" हा भूतकाळ तिने हलवला नाही.

अंक निघाल्यावर सिस्टरचा फोन आला. कात्रीताई जरा सावरूनच बसली.

"यांना वाचून दाखवली," सिस्टर म्हणाल्या. "मी इतकी सुटसुटीत बोलते होय?"

"शब्द तुमचेच आहेत. मधला पसारा काढला."

"बरं केलंत. पण काचपेटीतल्या जुळ्यांची गोष्ट मी दोनदा सांगितली होती. तुम्ही लांबलेली ठेवलीत. पहिली बरी होती."

कात्रीताईने टायपिस्टची मूळ प्रत काढून पाहिली. पहिलीच बरी होती.