डाव्या बाजूचे प्रश्न

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका वहीचे फोटो कापून कागदावर चिकटवणं. रविवार होता. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही तेच करत होतो. मी कापायचो, ती लिहायची.

माझी बायको परभणीला नर्सबाईचं शिकत होती. मी पूर्णेत एका फोटो स्टुडिओत डार्करूमचं काम करायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. मोर्चे, बंद, जाळपोळ. गाड्या कधी चालू, कधी बंद. तिला सातवा महिना. मीच म्हणालो, आता जाऊ नको, रस्त्यात काही झालं तर कुठं बघू? तिनं ऐकलं. महिनाभराचे तास बुडाले आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली. ती पास झाली असती तर सरकारी नोकरी लागली असती. तिच्या घरात तोवर कुणाला पगार असा लागला नव्हता.

तिच्या वर्गातल्या, चुडावा गावच्या मैत्रिणीनं आपली वही एका दिवसासाठी दिली. एका दिवसात एवढं उतरवून होईना. मी वही स्टुडिओत नेली, खिडकीखाली उघडी ठेवली, पानं उडू नयेत म्हणून वर काच ठेवली आणि स्टँडला कॅमेरा उलटा लावून पानामागून पान फोटो काढले. मालकानं जुना, मुदत गेलेला कागद वापरू दिला. त्यावर अक्षरं राखाडी उठली. बायको म्हणायची, "अवो, ही वही हाय का धुकं?" मला ते लागायचं. त्या कामात मला कुणी नावं ठेवलेली चालायची नाहीत.

त्यांच्या नर्सिंगच्या शाळेत एका बाईंनी अभ्यासाची एक रीत शिकवली होती. कागदावर डावीकडून तिसऱ्या हिश्श्यावर उभी रेघ मारायची. उजवीकडं मोठ्या जागेत धडा. डावीकडं त्या त्या मजकुरासमोर प्रश्न, असा की उजवीकडचं त्याचं उत्तर व्हावं. खाली चार बोटं जागा सोडायची आणि शेवटी पूर्ण पानाचं सार आपल्या शब्दांत लिहायचं. मग उजवी बाजू पुठ्ठ्यानं झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर तोंडानं सांगायचं.

मैत्रिणीच्या वहीत असं काही नव्हतं. धडा शिकवणाऱ्या बाई एका गोष्टीवरून दुसरीवर जायच्या आणि ती मैत्रीण तसंच उतरून घ्यायची. म्हणून बायको फोटोवर पेन्सिलीनं खुणा करायची. मी त्या त्या ठिकाणी कापायचो आणि एका विषयाच्या पट्ट्या एकाखाली एक लावायचो. पिठाची खळ लावली की फोटो गुंडाळायचा. त्यावर पाटा ठेवायचा. पाट्यासाठी आमचं भांडण व्हायचं, कारण चटणी वाटायची राहायची.

त्या रविवारी शेवटचा धडा होता, टॉक्सिमियाचा. गर्भारपणात रक्तदाब वाढतो, लघवीत अल्ब्युमिन जातं, अंगावर सूज येते, त्याचा. त्याचा फोटो मी मुद्दाम नव्या कागदावर काढला होता. अक्षर असं काळंभोर, की मी दोनदा बघितलं.

आधी ती कापायला बसली होती. कात्री बोटात जाईना.

"लठ्ठ झालीस," मी म्हणालो.

"तुमच्या लेकराला इचारा," म्हणाली आणि कात्री माझ्याकडं टाकली.

मी कापलं, चिकटवलं. तिनं डावीकडं प्रश्न लिहिले. माझा वाटा पुढं असायचा: पुठ्ठा धरून प्रश्न विचारायचा. मी अडखळत वाचायचो, ती हसायची.

"पायाची सूज आन तोंडाची सूज, यात फरक काय?"

"पाय उभं राहून बी सुजतात. तोंडावर, हातावर सूज आली तर रक्तदाब बघायचा, लघवी तपासायची."

"झटके यायच्या आधी काय सांगती बाई?"

"डोकं लय दुखतं. डोळ्यापुढं अंधारी येती, अंधुक दिसतं. छातीच्या खाली पोटात दुखतं."

"मग आपण काय करायचं?"

"थांबायचं न्हाई. डाव्या कुशीवर झोपवायचं आन तसंच दवाखान्यात."

एकही चुकली नाही. पुठ्ठा काढून मी पट्टीवर बोट फिरवत तपासलं. मग तिनं खाली सार लिहायला घेतलं. एक ओळ लिहून पेन ठेवलं, कपाळ दाबलं आणि कागद दिव्याजवळ नेला.

"अवो, याचा फोटो बी अंधुक आलाय."

"हा? हा नव्या कागदावरचा हाय!"

"अक्षरं पसरल्यावानी दिसायलीत."

मला राग आला. "फोटो साफ हाय. तुझेच डोळे गेलेत," असं मी म्हणालो. याच शब्दांत. ती कागदाकडं बघत गप्प राहिली, मग म्हणाली, "असंल. सकाळपासून डोकं ठणकायलंय. लय वाचलं."

साराची दुसरी ओळ लिहून तिनं पान बाजूला ठेवलं.

थोड्या वेळापूर्वीच दोघांनी मिळून तेच घोकलं होतं. पण आमच्यासाठी ते नुसतं परीक्षेचं होतं. ती गप्प बसली तेवढ्या वेळात तिला कळलं होतं का, आणि मी चिडलो म्हणून ती बोलली नाही का, हे मला अजून ठाऊक नाही. पुष्कळदा वाटतं, कळलं होतं.

पहाटे झटके सुरू झाले. मी तिला डाव्या कुशीवर वळवलं. जीप मिळेपर्यंत उजाडलं. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डोकं दुखतंय म्हणत होत्या का? अंधुक दिसत होतं का?" ते प्रश्न मला पाठ होते. मी हो म्हणालो. दुपारच्या आत ती गेली, लेकरूही गेलं. संध्याकाळी माती झाली.

घरी आलो तर पान तिथंच होतं. उजवीकडचं अक्षर मैत्रिणीचं, डावीकडचं हिचं. आजही तो कागद बघितला की उजवी बाजू मला दिसतच नाही. डावीकडून ती विचारत राहते आणि मी उत्तर देत राहतो. एवढ्या वर्षांत एकही चुकलो नाही.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बसायला येण्याच्या आत मी ते पान घेतलं आणि चार घरं पलीकडं गेलो. तिथली सून आठव्या महिन्यात होती. सासू दारात भांडी घासत होती.

"सुनंला बोलवा. इचारायचंय," मी म्हणालो.

"अवो, काल माती दिली तुमी. घरी बसा," ती म्हणाली. "आन माझ्या सुनंला काय इचारता तुमी? गडीमाणूस!"

मी तिथंच उभं राहून वाचायला लागलो. तोंड सुजलंय का, हात सुजलेत का, डोकं दुखतंय का. शेजारच्या बाया बाहेर आल्या. सासू म्हणाली, याचं डोकं फिरलंय, कुणीतरी धरा. सून आतून उंबऱ्यापर्यंत आली, पदर तोंडावर घेऊन.

"न्हाई काका. काहीच न्हाई."

माझा विश्वास बसेना. मी पान तिच्यापुढं धरलं. "वाच."

"मला वाचाया येत न्हाई."

"नगं वाचू. अक्षर कसं दिसायलंय तेवढं सांग."

तिनं पदर बाजूला केला, वाकून नीट बघितलं. सासूनंही हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काळं दिसतंय," ती म्हणाली. "साफ हाय, काका."

मी तिला आणखी एकदा बघायला लावलं. मग सासूला सांगितलं, अंधुक म्हणाली तर माझ्याकडं या, राती या, कधी बी या. हिच्यावर चिडू नका. सासू रडायला लागली. पलीकडच्या गल्लीत दिवस गेलेली अजून एक बाई होती. मी तिकडं गेलो.