हिरव्या पेपरचे पाच मार्क

वाकडला आमचं ऑफिस सातव्या मजल्यावर होतं. कंपन्यांना भरतीच्या, बढतीच्या परीक्षा काढून द्यायच्या, तपासायच्या आणि निकाल पाठवायचा, हा आमचा धंदा. मी संख्याशास्त्र शिकलेली, म्हणून गुणांचं गणित माझ्याकडे असायचं.

त्या वर्षी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीचं काम आलं. तीनशे ट्रेनींची परीक्षा घ्यायची आणि चाळीस किंवा जास्त गुण असतील त्यांना परमनंट करायचं, बाकीच्यांना घरी पाठवायचं. पेपर साठ प्रश्नांचा. शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून आम्ही दोन पेपर काढले, एक पिवळ्या कागदावर, एक हिरव्या. दोन्ही एकाच अभ्यासक्रमावरचे, पण प्रश्न वेगळे. फक्त सुरक्षेचे बारा प्रश्न दोन्हीकडे तेच होते, कारण कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने त्यातला शब्दही बदलू दिला नाही.

दोन पेपर कितीही जपून काढले तरी एक थोडा सोपा होतोच. मग हिरव्यातले चाळीस आणि पिवळ्यातले चाळीस सारखे धरता येत नाहीत. त्यासाठी एक साधी रीत आहे, लिनिअर इक्वेटिंग. हिरव्या पेपरात एखादा माणूस आपल्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते त्या पेपरच्या पसाऱ्यात, म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्या मापात, मोजायचं, आणि पिवळ्या पेपरात तेवढ्याच वर किंवा खाली कोणता आकडा येतो तो त्याला द्यायचा. यात एक अट असते. दोन्ही पेपर सोडवणारी माणसं एकंदरीत सारख्या तयारीची हवीत. म्हणून आम्ही सूचनापत्रात लिहायचो की बाकावर एक पिवळा, एक हिरवा, पुन्हा पिवळा, असे आलटून पालटून वाटा. तसं वाटलं की दोन्हीकडे हुशार आणि कच्चे सारखेच विखुरतात.

उत्तरपत्रिका आल्या. पिवळ्याची सरासरी छत्तीस, पसारा आठ. हिरव्याची सरासरी बेचाळीस, पसारा सहा. मी म्हटलं, हिरवा फारच सोपा गेला. गणित लावलं. हिरव्यातले पंचेचाळीस म्हणजे पिवळ्यातले चाळीस. चव्वेचाळीसचे एकोणचाळीसही पुरते होत नव्हते. या रीतीत सगळ्यांचे सारखे मार्क कापले जात नाहीत. वरच्या चोपन्नवाल्याचे दोनच गेले, खालच्या छत्तीसवाल्याचे आठ. निकाल पाठवला आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

आठवड्याने त्या तीनशेतला एक जण आला. तीस-एकतीसचा असेल, चाकणच्या मागच्या एका गावचा, कंपनीच्या निळ्या शर्टात. ऑफिसचा पत्ता निकालाच्या कागदाच्या तळाशी छापलेला होता, तो वाचून आला होता. साहेब त्याला भेटणार नव्हते. मला म्हणाले, "तू जा. समजावून सांग. क्लायंटशी बोलायची सवय होईल तुला."

रिसेप्शनच्या सोफ्यावर तो अगदी कडेला बसला होता. मी गेल्यावर उठला.

"मॅडम, ह्यात मूळ गुण चव्वेचाळीस लिवल्यात. शेजारी एकोणचाळीस. मधले पाच कुणी घेतले तेवढं सांगा."

मी त्याला बसवलं आणि कागदावर आकृती काढून समजावलं. मला हे चांगलं जमतं. पिवळ्याची टेकडी, हिरव्याची टेकडी, ही इकडे सरकवायची. मी म्हणाले, तुमचा पेपर सोपा होता, अवघड पेपर आलेल्यांवर अन्याय नको म्हणून हे करावं लागतं. तो आकृतीकडे बराच वेळ बघत राहिला.

"पेपर सोपा व्हता हे कसं कळलं?"

"हिरव्यात सगळ्यांना जास्त मार्क पडले ना."

"आमाला जास्त येत असंल म्हून पडले असतील."

"तसं नसतं. कुणाला कोणता पेपर येईल हे नशिबावर असतं. दोन्हीकडे सारखीच माणसं असतात."

"न्हाई मॅडम. आमच्या सेकंड शिफ्टला समद्यांना हिरवाच दिला. फस्ट शिफ्टला पिवळा. आमी जुनी बॅच हाय, तीन वरसं झाली मशीनवर. ती पोरं मागल्या दिवाळीनंतर आल्यात."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला ठाऊक नसेल म्हणून माहिती दिल्यासारखं सांगितलं.

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मी म्हणाले, "शिफ्टचा विचार त्यात केलेला असतो."

ते खोटं होतं. माझ्या फाइलमध्ये शिफ्टचा रकानाच नव्हता.

"मग बरं," तो म्हणाला. "म्हंजी तपासलंय तुमी." कागदाची नीट घडी करून त्याने खिशात ठेवली. "बायकोला सांगतो. ती म्हनत व्हती, काहीतरी गफलत हाय."

तो लिफ्टपर्यंत जाईस्तोवर मी तिथेच उभी होते. मग कंपनीच्या ट्रेनिंग ऑफिसरला फोन लावला. तो मोकळेपणाने बोलला. गठ्ठे रंगाप्रमाणे बांधून आले होते, शिवाय सकाळच्या शिफ्टने बाहेर जाऊन दुपारच्यांना प्रश्न सांगितले असते, म्हणून त्याने सकाळी सगळा पिवळा काढला आणि दुपारी सगळा हिरवा. "डोकं लावलं मॅडम थोडं," तो म्हणाला.

ते बारा प्रश्न मला तेव्हा आठवले. दोन्ही गट सारखे असते, तर दोन्हीकडे समान असलेल्या प्रश्नांत त्यांना जवळपास सारखेच गुण पडायला हवे होते. मी काढून पाहिलं. पिवळ्यावाल्यांना बारापैकी सरासरी सात, हिरव्यावाल्यांना नऊ. सकाळच्यांकडून ते फुटले असते, तर नऊ नव्हे, बाराच्या जवळ पडले असते. म्हणजे पेपर सोपा नव्हता. माणसं जास्त तयार होती, आणि ती तयारी मी पेपरचा दोष समजून त्यांच्याच गुणांतून वजा केली होती. हे तपासायला अर्धा तास लागला. निकालाच्या आधीही अर्धाच तास लागला असता.

त्या बारा प्रश्नांचा आधार घेऊन गणित पुन्हा मांडता येत होतं. मांडलं. दोन्ही पेपर जवळजवळ सारखेच अवघड निघाले. त्याचे चव्वेचाळीस चव्वेचाळीसच्याच आसपास राहिले. चुकीने खाली गेलेली माणसं मोजली, सत्तेचाळीस भरली. दुरुस्ती केली असती तर पिवळ्यावाल्या एकाचाही निकाल बदलला नसता.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद पूर्ण वाचले. ते मूर्ख नव्हते, माझ्याआधी हेच काम त्यांनी दहा वर्षं केलं होतं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

"मग पत्र पाठवू या?"

"चूक कुणाची?"

"त्यांनी सूचना पाळली नाही."

"आणि आपण न विचारता सही केली. सही कुणाची आहे?"

माझी होती. त्यांनी माझ्यासमोरच कंपनीच्या एचआरला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि आडून आडून विचारलं, निकालाबद्दल काही अडचण नाही ना. पलीकडचा माणूस हसला. "अडचण कसली? जुनी बॅच युनियनकडे झुकायला लागली होती. तुमच्या फॉर्म्युल्याने परस्पर काम झालं. आम्हाला वाईटपणा घ्यावा लागला नाही."

साहेबांनी फोन ठेवला. "ऐकलंस? तू सत्तेचाळीस माणसं परत घ्यायला सांगणार, आणि ते घेणार नाहीत. काय होईल? आपलं काम जाईल, आणि तुझं. त्यांचं तर गेलेलंच आहे." मग थोड्या मवाळ आवाजात म्हणाले, "तो माणूस पुन्हा आला तर लेखी उत्तर दे. माणसं लेखी उत्तर आलं की गप्प बसतात."

तो आला नाही, त्याचा अर्ज आला. वहीच्या पानावर, सुवाच्य अक्षरात, खाली आणखी सहा जणांच्या सह्या. दोन्ही शिफ्टना वेगळे पेपर दिले होते, हे लक्षात घेऊन फेरतपासणी व्हावी. मी उत्तर टाइप केलं. आपले गुण शास्त्रीय पद्धतीने समायोजित करण्यात आले असून फेरतपासणीअंती त्यात बदल आढळला नाही. 'फेरतपासणीअंती' हा शब्द माझाच. साहेबांनी तो वाचून मान हलवली. सातही जणांना वेगवेगळी पत्रं पाठवली, म्हणजे त्यांनी एकत्र येऊन वाचू नये.

एप्रिलमध्ये अप्रेझल झालं. सूचनापत्रात मी एक नवं पान घातलं होतं. गठ्ठे रंगाप्रमाणे न बांधता आधीच आलटून पालटून लावून पाठवायचे, शिफ्टचा रकाना भरल्याशिवाय फाइल स्वीकारायची नाही, आणि समान प्रश्नांवर दोन्ही गट ताडून पाहिल्याशिवाय निकाल काढायचा नाही. त्या पानाबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी थँक्यू म्हणाले. ते पान कुठून आलं, ते तिथे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीची परीक्षा होती. या वेळी मी स्वतः चाकणला गेले. कँटीनच्या हॉलमध्ये बाकांवर पिवळा, हिरवा, पिवळा, हिरवा असे पेपर माझ्या हाताने ठेवले. ट्रेनिंग ऑफिसर बाजूला उभा राहून म्हणाला, "मॅडम, एवढं काय त्यात." पोरं येऊन बसली. दार बंद झालं. मी बाहेर चहा घ्यायला आले.

गेटच्या आत एका ट्रकमधून बाहेरच्या ठेकेदाराची माणसं क्रेट उतरवत होती. त्यांच्यातला एक माझ्याकडे बघत होता. अंगावर ठेकेदाराचं नारिंगी जाकीट, म्हणून मला ओळखायला वेळ लागला. त्याने क्रेट खाली ठेवला, हात पुसले आणि जवळ आला.

"वळखलं का मॅडम?"

"हो."

"ह्या टायमाला दोन्ही रंग एकाच खोलीत दिल्यात म्हनं. कँटीनचा पोरगा सांगत व्हता."

"हो. आलटून पालटून."

मागून कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने हातानेच थांब म्हटलं.

"म्हंजी तवा चुकलं व्हतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती. मी एक शब्द बोलले असते तर तो त्याला पुरला असता. माझ्या हातात चहाचा कागदी कप होता, मी त्यातला चहा संपवला.

"नाही," मी म्हणाले. "आता नियम बदललेत."

"व्हय का," तो म्हणाला. आणि परत क्रेटकडे गेला.