उलटी वायर आणि पंखा फिरवणारं ज्ञान

होटगीच्या बाजूला आमचं घर आहे आणि गच्चीखालच्या खोलीत माझं अंडी उबवायचं मशीन. गावरान कोंबडीची पिल्लं विकणं हा माझा धंदा. मशीन बॅटरीवर चालतं, बॅटरी गच्चीवरचे दोन सोलर पॅनेल भरतात आणि मध्ये चार्ज कंट्रोलर बसलेला आहे. लाईट असली की तिचा चार्जरही बॅटरीला मदत करतो. एवढी साधी गोष्ट.

गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा पॅनेल उतरवले. परत चढवायला कुर्डुवाडीहून धाकटे दीर आले. ते घरांचं वायरिंग करतात, त्यामुळे विजेचा विषय त्यांच्या मते संपलेला आहे. पॅनेल टाकीच्या पलीकडे सरकवले म्हणून वायर कमी पडली. भावजींनी दोन्हीकडे काळीच वायर जोडून लांबी वाढवली आणि अडचण नको म्हणून मधला स्विच काढून टाकला.

"भावजी, प्लस कुठली, मायनस कुठली, खूण केली का?"

"वैनी, प्लग उलटा घातला म्हणून पंखा फिरायचा थांबतो का? करंट तो करंट."

चहा गॅसवर होता, मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच रस्त्यावरचा डीपी जळाला आणि लाईट गेली. दुपारपर्यंत कंट्रोलरवर बॅटरी उतरत चालल्याचं दिसत होतं आणि सूर्याच्या चिन्हाजवळ काहीच नव्हतं. मशीनमधली अंडी फुटायला दोन-तीन दिवस उरले होते. या टप्प्यावर ऊब गेली की पिल्लं आतच मरतात.

"ढगाळ आसंल," भावजी म्हणाले. मे महिन्यात, सोलापुरात, भर दुपारी. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर डोळा उघडवत नव्हता.

कंट्रोलरला हात लावला तर तो तव्यासारखा. पॅनेलची वीज बॅटरीकडे न जाता कंट्रोलरच्या आतच गोल फिरत होती, म्हणजे पॅनेल उलटा जोडलेला होता. घरातल्या विजेला उलटं-सुलटं चालतं, सोलरच्या डीसीला नाही. उलटी जोडणी झेलायची सोय असलेला कंट्रोलर मी मुद्दाम घेतला होता, म्हणून तो तापला तरी टिकला. ती सोय नसलेला असता तर केव्हाच गेला असता.

हे मी सांगितल्यावर भावजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. "मग सोपं हाय की. बॅटरीच्या वायरी पण उलट्या करू. दोन्ही उलटं, हिशेब जुळला."

"हात मागं घ्या."

"आवो, पण—"

"पॅनेल उलटा लागला तर त्याच्याकडं असेल तेवढाच करंट येतो, उन्हापुरता. बॅटरीला असला काही आवर नाही. ती उलटी लावली की एका क्षणात कंट्रोलर भाजून निघेल, आणि तुमचे हातही."

मग त्यांनी पॅनेलची वायर तशीच ओढायला हात घातला. उन्हात, करंट वाहत असताना. तेही मी थांबवलं, कारण तशी वायर सोडवली की ठिणगी लांब ओढली जाते आणि टोकं जळतात. स्विच असता तर तो आधी पाडला असता. पण तो अडचण म्हणून निघाला होता.

मी घरातल्या दोन जाड चादरी काढल्या आणि भावजींना गच्चीवर पाठवलं.

"पाहुण्यांच्या चादरी हायत की ह्या."

"आज पाहुणे पॅनेल आहेत. दोन्ही पूर्ण झाका. कोपरासुद्धा उघडा नको."

पॅनेल झाकल्यावर वायरी सोडवल्या, टोकं एकमेकांपासून लांब ठेवली. मल्टिमीटर डीसीवर लावला. मीटरची लाल काडी भावजींनी प्लस म्हणून जोडलेल्या टोकाला, काळी दुसऱ्याला. वरून चादरीचा कोपरा उचलायला सांगितला. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं.

"मायनस दाखवतंय," मी ओरडून सांगितलं.

वरून आवाज आला, "मीटर जुना हाय का?"

मी काड्या बदलल्या. उणे गेलं. खरं प्लस सापडलं, त्यावर लाल टेप गुंडाळली. कोपरा परत झाकायला लावला, लाल टेपवाली वायर प्लसमध्ये, दुसरी मायनसमध्ये घट्ट बसवली. बॅटरी आपल्या जागी जोडलेलीच होती. ती आधी आणि पॅनेल शेवटी, हा क्रम असतो. मग चादरी काढल्या. कंट्रोलरवर सूर्याचं चिन्ह लागलं आणि बॅटरीकडे बाण सरकू लागला. हळूहळू त्याचा ताप उतरला. मशीनचा काटा उबेच्या खुणेवरून किंचित खाली घसरला होता, तो अर्ध्या तासात परत आला.

संध्याकाळी स्विच परत बसवून घेतला, तोही माझ्यासमोर.

पिल्लं निघाली. सगळी नाहीत, काही अंडी तशीच राहिली. ती त्या दुपारमुळे राहिली की कशामुळे, ते सांगता येत नाही. भावजींनी जाताना शेजारच्यांना मशीन दाखवलं, पिल्लांवरून हात फिरवला.

"सगळी जोडणी मीच केली," ते म्हणाले. "आधी जरा टेस्टिंग घेतलं, लई बारकाईनं."

शेजारीण माझ्याकडे बघत होती. मी निघालेली पिल्लं टोपलीत भरत होते.