पाचवी दोरी

पहिल्या दिवशी मोजायचा टेप पिशवीतून बाहेर काढायचा नाही, असं सरांनी बजावलं आणि माझं डोकं तिथेच तापलं. देऊळ ते केवढं! जामबागच्या एका गल्लीतलं मारुतीचं, पुढे चार खांबांचा मंडप, मागे गाभारा. दोन तासांत मोजून मी घरी जेवायला पोचले असते. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते मी. वर्गातली निम्मी मुलं नारायणगुड्याला कॉम्प्युटर शिकायला पळत होती आणि मी उन्हात बसून खांबांची चित्रं काढत होते.

पण काम नुसत्या मार्कांचं नव्हतं. शहरात नव्या गाड्यांची गर्दी झाली होती, रस्ता रुंद होणार होता. देऊळ उतरवून मागच्या मोकळ्या जागेत पुन्हा उभं करायचं ठरलं होतं आणि मेस्त्री आमच्याच नकाशावरून बांधणार होता. तिथले पुजारी वडिलांच्या पश्चात तीस वर्षं पूजा करत होते. देऊळ होतं तस्सं मिळावं, एवढंच त्यांचं मागणं. ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की मी त्यांना टाळायला लागले.

माझी जोडीदारीण वर्गातलीच, तेलुगू, माझ्या मानाने फारच शांत. आम्ही आधी डोळ्यांनी देऊळ वहीत उतरवलं: एक पान नकाशाचं, प्रत्येक भिंतीला एक, खांबाला वेगळं. मग कोणतं माप कुठून घ्यायचं ते त्यावर आखलं. ती टेपचं शून्य धरणार, मी वाचून लिहिणार. एका भिंतीवरची सगळी मापं एकाच कोपऱ्यापासून, टेप न उचलता, म्हणजे चुका साचत नाहीत. जुना कोपरा काटकोनात असेलच असं नाही, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. उंचीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून देवळाभोवती एका पातळीत खडूची रेघ मारायची आणि तिच्यापासून वर-खाली मोजायचं. झक्कास बेत जमला.

अडलं ते गाभाऱ्यापाशी. आत पुजाऱ्यांखेरीज कुणी जायचं नाही आणि सोवळ्यात ते आमच्या टेपला हात लावेनात, कारण त्याची डबी कातड्याची. मी चिडून म्हटलं, आतली भिंत अंदाजाने काढू. जोडीदारणीने ऐकलं नाही. तिने सुती दोऱ्यांचा तोडगा काढला. पुजाऱ्यांनी स्वतः धुतलेल्या दोऱ्या आत न्यायच्या, दोरीचं टोक भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीपाशी कुंकवाची खूण करायची. लांबीला एक दोरी, रुंदीला एक, कर्णांना दोन. एखादी बिघडलीच तर म्हणून पाचवी जादा. दोरी सुकली की लांबी बदलते, तेव्हा ओली असतानाच ओट्यावर मोजून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी सगळं ठरल्याबरहुकूम झालं. पुजाऱ्यांनी दोऱ्या आणून ओट्यावर मांडल्या. चार बरोबर जुळल्या, पण पाचवीवरही खुणा होत्या. एक नाही, दोन. वहीत त्यांना जागाच नव्हती. काका, जादा दोरी कशाला खराब केलीत, म्हणून मी भर मंडपात त्यांच्यावर तोंड टाकलं.

ते जराही रागावले नाहीत. माझी वही लांबूनच न्याहाळत म्हणाले, "नक्शा चांगला काढलाव बेटा. पन माझी दिवळी कुठं हाय यात? काडेपेटी ठिवतो न मी तिथं."

दिवळी, म्हणजे छोटा कोनाडा, दाराच्याच भिंतीत होती, आतल्या बाजूने, शिरताना डावीकडे. आम्ही दारात उभं राहून चित्र काढलेलं, ती दिसणार कशी? एक खूण जमिनीपासूनच्या उंचीची, दुसरी दाराच्या कडेपासूनच्या अंतराची. आमच्या कागदावरून मेस्त्रीने तिथे सपाट भिंत बांधली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांची माफी मागितली आणि गाभाऱ्यासाठी नवं पान उघडलं. दिवळीची रुंदी-खोली त्यांनी वितेने सांगितली. सोवळं सोडल्यावर आम्ही त्यांची वीत टेपने मोजली, तेव्हा ते गुदगुल्या झाल्यासारखे हसत होते.

पुढच्या वर्षी देऊळ उभं राहिलं. पहिल्या पूजेला आम्ही दोघी मंडपात होतो. आत अजून दिवा नव्हता, काळोखच होता. पुजाऱ्यांनी उंबरठा ओलांडला. मारुतीवरची नजर न काढता त्यांनी डावा हात मागे भिंतीकडे नेला.

काडी ओढल्याचा आवाज आला.