आमटीच्या पळ्या आणि रिकामी टाकी

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. उदगीर नवा जिल्हा होणार म्हणून चौकाचौकात बॅनर लागले होते आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायची. आदल्या साली पहिल्याच सरीवर भुलून सासऱ्यांनी सोयाबीन पेरलं आणि सगळं करपून गेलं. यंदा घरात एकाच पेरणीपुरतं बियाणं होतं. म्हणून मीच जाहीर केलं, "मामंजी, यंदा गच्चीवर पाऊस मोजायचा. शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरायचं न्हाई."

"मोज की. आम्ही काय आजवर डोळे मिटून पेरलं व्हय?" असं म्हणून मामंजी फुरंगटले. अडतीवर मात्र त्यांनी 'आमच्या सूनबाईचं हवामान खातं' अशी जाहिरात करून टाकली होती.

पावसासोबत वाराही मोजायचा होता, त्याला वाट्या हव्या होत्या. सासूबाईंच्या तीन सारख्या पळ्यांचे दांडे मी कापले. सासूबाई पुढे आठवडाभर आमटी वाढताना माझ्याकडे बघून उसासे टाकत. जुन्या कूलरच्या बेअरिंगवर पळ्या बसवल्या, खाली चुंबक लावलं. एक फेरा झाला की वायरमधून एक ठोका. भल्या पहाटे वारा पडलेला असताना नवऱ्याला गाडी एका वेगात चालवायला लावली आणि मी मागे चक्र उंच धरून बसले. चाळीसला किती ठोके पडतात ते बघायचं होतं. दूधवाला म्हणाला, "वैनी, भिंगरी लई झ्याक हाय!"

पावसासाठी नरसाळं, त्याच्याखाली दोन वाट्यांचा, तराजूसारखा चिमुकला झोका. एक वाटी भरली की कलंडायची, दुसरी वर यायची, तेवढ्यात एक ठोका. ठोके मोजून नोंदवायला एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड होता. बेरीज घरच्या वायफायवरून आमच्या मोबाईलवर. मामंजी ती तासातासाला बघत.

भांडण झालं ते ही यंत्रं बसवायच्या खांबावरून. मला स्लॅबमध्ये हूक ठोकून तिन्ही बाजूंनी तारेचे ताण द्यायचे होते. मामंजी अडून बसले. "गच्चीला भोक पाडू देणार न्हाई! स्लॅब गळंल. टाकीला बांध. हजार लिटरची हाय, हत्तीनं ढकलली तरी हलत न्हाई."

बांधला. वारा, पाऊस, सगळं एकाच खांबावर, खांब टाकीला. टाकी हलत नाही ती भरलेली असली तर, एवढं विज्ञान माझ्या डोक्यात यायला नको होतं का? पण त्या उन्हाळ्यात टँकर आला की टाकी भरायची आणि दोन दिवसांत खडखडाट. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, मला सुद्धा.

जूनमध्ये थोड्या सरी झाल्या, बेरीज चाळिशीपर्यंत आली. मग एका दुपारी मामंजी लातूरच्या बाजारात असताना आमच्याकडे वादळ सुटलं. शाळेचे पत्रे धडधडले, धूळ उडाली, चार टपोरे थेंब पडले आणि संपलं. मी घरी पोचले तर दारात ट्रॅक्टरवाला उभा.

"बियाणं द्या. मालकाचा फोन आला. शंभराच्या वर गेला म्हणं पाऊस!"

मोबाईल बघितला. खरंच, एकशे बारा! अहो, माझी ओढणीसुद्धा भिजली नव्हती. नीट बघितलं तर पाऊस धो-धो चढत असताना वारा शून्य. वादळात वारा शून्य? धावत वर गेले. टाकी जागेवर नव्हती. रिकामी टाकी खांबाला घेऊन गच्चीभर गडगडत शेवटी शेजाऱ्यांच्या न्हाणीवर जाऊन पडली होती, प्रत्येक हिसक्याला झोका कलंडला होता आणि बोर्ड बिचारा इमानानं पाऊस लिहीत राहिला होता. पळ्यांची वायर तुटलेली, म्हणून वारा गप्प.

खाली आले आणि थेट बियाण्याच्या पोत्यांवर बसले. ट्रॅक्टरवाल्यानं घाबरून मामंजींना फोन लावून दिला.

"ऊठ तिथनं!" मामंजी ओरडले. "ओल उडंल, वाफसा जाईल! यंत्र तुझंच की गं!"

"माझंच हाय. आणि आता ते शेजाऱ्यांच्या न्हाणीवर उलटं पडलंय, तुमच्या हत्तीला न हलणाऱ्या टाकीसकट."

मग ते म्हणाले, "त्याला म्हणावं, जा घरी."

दुसऱ्या दिवशी विभूती लावून, पूजा आटोपून ते स्वतः ड्रिलवाल्याला घेऊन आले. "पाड भोकं," म्हणाले. "स्लॅब गळायला आधी पाऊस तर पडू दे." तीन ताण दिले, आणि पावसाचं नरसाळं खांबापासून लांब, विटांच्या ओट्यावर पक्कं केलं.

शंभर झाला तो पुढच्या महिन्यात, खराखुरा. पेरणी साधली. त्याच रात्री मामंजींच्या खाटेवर नेमकी एका हुकाखालून धार लागली. त्यांनी खाट सरकवली, खाली पातेलं ठेवलं आणि मोठ्यांदा हाक मारली, "सूनबाई, हे बी मोजायचं का गं?"