दोनच्या आधी दहा

२०१६ साली मी डहाणूत भाताच्या बियाण्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेत कॉम्प्युटरवर बसायचे. जवळच्या गंजाड गावच्या शेतकऱ्यांनी घरचं जुनं बियाणं आणून दिलं होतं. एका शेतात चोवीस वाफे पाडून ते लावलं, आणि प्रत्येक वाफ्याला खुंटीवर कोड दिला, G1 ते G24. ज्याचं पीक भरेल त्याचं बियाणं पुढच्या वर्षी गावोगाव वाटायचं, असं ठरलं होतं.

G2 एका म्हाताऱ्या मावशीचा होता. तांबूस, बुटका भात. तिच्या घराखेरीज तो कुणाकडे उरला नव्हता. बियाणं देताना तिने मला दोनदा बजावलं होतं, "पोरी, दुसऱ्यात मिसळू नको गो."

निकालाची सभा गावातच झाली. आमच्या सरांनी कागद वाचला आणि मावशीकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कसलं बियाणं, आजी? हा नुसता पेंढा आहे. खाऊन टाका आणि आमचं घ्या." लोक हसले. मावशी पदर डोक्यावर घेऊन खाली बघत राहिली. मला तेव्हाच चीड आली होती, पण आकडे हातात होते आणि आकड्यांपुढे मी काय बोलणार?

मार्चमध्ये वाटपाची यादी करायला निकालाचा तोच तक्ता कॉम्प्युटरवर उघडला. G12 ला भरघोस वजन! मी चमकले. G12 ओहोळाकडचा वाफा, रानडुकरांनी लोळून त्याचा चिखल केलेला. कापणीला मी तिथे स्वतः उभी होते. त्यात सूपभर भातही निघाला नव्हता.

मग कोडचा कॉलम वरून खाली वाचला. G1, G10, G11, G12, असं G19 पर्यंत, आणि मग G2. कॉम्प्युटरला अक्षर आणि आकडा एकत्र दिला की तो सगळं अक्षरांसारखंच लावतो. पहिलं अक्षर, मग दुसरं, मग तिसरं. एक हा दोनच्या आधी, म्हणून दहासुद्धा दोनच्या आधी. सरांनी यादी नीटनेटकी दिसावी म्हणून सॉर्ट केली होती. वजनं मात्र खळ्यावर वाफ्यांच्या क्रमाने घेतलेली, एकाखाली एक, कोड न लिहिता. त्यांनी ती तशीच शेजारी टाइप केली. त्यामुळे चौथ्या वाफ्याचं वजन G12 ला गेलं, आणि यादीत बाराव्या ओळीवर बसलेल्या G2 ला मिळालं बाराव्या वाफ्याचं. डुकरांनी खाल्लेलं पीक मावशीच्या नावावर!

मी वजनांचा कॉलम आधी बाजूला काढला, नाहीतर चुकीची वजनं कोडच्या मागे मागेच फिरली असती. मग एका रिकाम्या कॉलममध्ये सूत्र घालून G पुढचा नुसता आकडा वेगळा केला, त्याला खरा आकडा बनवलं आणि त्या कॉलमवर नावं-कोड सॉर्ट केले. एक, दोन, तीन, सरळ चोवीसपर्यंत. शेजारी वजनं परत ठेवली. आता वजनाप्रमाणे पाहिलं तर G12 तळाला गेला, आणि मावशीचा भात चोवीसांत दुसरा आला.

इतकं सोपं काम होतं! एक जादा कॉलम. आणि त्यापायी त्या बाईला भर सभेत खाली मान घालायला लावली.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "अरे, सॉर्टिंगचा घोळ झाला. टेक्निकल आहे. नवीन प्रिंट काढून फाईलला लाव." मी म्हटलं, "आणि तिची माफी कोण मागणार?" ते मोबाईल बघायला लागले. मी गोदामात गेले. नापास वाफ्यांचा भात कधीच एका ढिगात ओतून कोंबड्यांना घातला होता. त्यातच G2 पण.

आता सगळी आशा तिच्या घरच्या कणगीवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंजाडला गेले. मावशी अंगणात कुडाला शेण लावत होती. मी एका दमात सांगितलं की चूक आमची होती, तुमचं बियाणं उत्तम आहे, यादीत दुसरं आलंय, आणि विचारलं, घरात थोडं तरी ठेवलंय ना?

"नाय गो," ती म्हणाली. "सायब बोलला खा, मंग दलला नि खाल्ला. बियाचा भात आमच्यात कोन खात नाय. पोरांना पन सांगितला, आता हा बी नाय, खावा."

मला सरांचा इतका राग आला की आमच्याकडचा G2 कोंबड्यांना गेला हे सांगायचंच राहिलं. पण मावशीचा चेहरा उजळला होता. ती शेणाचे हात पुसत उठली. आपला भात चांगला ठरला म्हणजे तो ऑफिसात जपून ठेवला असणार, असंच तिला वाटलं.

"दुसरा आला ना?" असं म्हणत तिने माझ्यासमोर पदर पसरला. "मंग दे माजा बी. पेरते."